सोलरचं कोटेशन दिल्यावर सोसायटीचे सचिव गप्प होतात: ‘काही अपडेट?’च्या जागी कसा मेल लिहावा

हाउसिंग सोसायट्यांना रूफटॉप सोलर बसवून देणाऱ्या लहान कंत्राटदारांची एक तक्रार वर्षभर कानावर येते. साइट व्हिजिट छान झाली, सचिवांनी स्वतः गच्चीवर नेऊन टाक्या, लिफ्टची खोली, केबल कुठून उतरेल ते सगळं दाखवलं, कोटेशन मागून घेतलं आणि त्यानंतर काहीच नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर जे सुरू होतं ते थोड्याफार फरकाने असं असतं:

> सर, कोटेशन बघितलं का?
>
> गुड मॉर्निंग सर, काही अपडेट?
>
> सर, पॅनलचे रेट वाढणार आहेत. या आठवड्यात कन्फर्म केलंत तर जुन्या रेटने करून देतो.
>
> सर, तुमच्याकडून अजून रिप्लाय नाही. करायचं नसेल तर तसं सांगा.

पहिल्याला ‘हो, बघतो’ येतं, दुसऱ्याला अंगठा, तिसऱ्यापुढे नुसत्या निळ्या खुणा. चौथ्यानंतर फोनही उचलला जात नाही. यावर बहुतेकांनी शोधलेला उपाय म्हणजे हाच मजकूर सभ्य करून मेलवर टाकणे. ‘आदरणीय महोदय, आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळ काढून कृपया आमच्या कोटेशनबाबत कळवावे, ही नम्र विनंती.’ त्यालाही उत्तर येत नाही, कारण बिघाड भाषेच्या सभ्यपणात नाही.

सचिवांच्या बाजूने पाहिलं तर

सोसायटीचा सचिव मानद असतो. दिवसभर त्याची नोकरी किंवा व्यवसाय असतो आणि पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं, थकबाकीची पत्रं हे सगळं संध्याकाळी. दहा लाखांच्या कामाचा निर्णय तो एकटा घेऊच शकत नाही. आधी समितीची बैठक, तिथे तीन कोटेशनांचा तक्ता, खजिनदारांचे प्रश्न, मग सर्वसाधारण सभेची मंजुरी. म्हणजे ‘काही अपडेट?’ असं विचारताना तुम्ही त्याच्याकडे जे नाहीच ते मागता. वर त्याला खरं उत्तर द्यायचं असेल तर ‘अजून मीटिंगच लावली नाही’ असं आपलं अपुरं राहिलेलं काम एका परक्या माणसाला सांगावं लागतं. ते टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं. म्हणून ही शांतता पुष्कळदा नकार नसते. ती अडलेली असते.

त्यामुळे मेल पाठवण्याआधी स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात. हा मेल वाचून सचिवांचं कोणतं काम हलकं झालं? आणि मी शेवटी जे विचारलंय त्याचं उत्तर ते एकटे, कोणालाही न विचारता, आज एका ओळीत देऊ शकतात का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर तो मेल कितीही नम्र असला तरी तगादाच ठरतो.

पहिल्या दोन मेसेजच्या जागी

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या उपनगरातली 36 सदनिकांची सोसायटी. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामायिक वीजबिल महिन्याला सरासरी 2,100 युनिटचं. तुम्ही 18 किलोवॅटची यंत्रणा सुचवली. त्यासाठी साधारण 1,800 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते, ती आहे. नऊ पानी कोटेशनमध्ये इन्व्हर्टरची वॉरंटी, केबलची जाडी, अर्थिंग असं सगळं आहे. ते तांत्रिक माणसासाठी बरोबर आहे, पण समितीत विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. डोक्यामागे किती पडणार, गच्ची गळणार का आणि अनुदानाचे पैसे कधी येणार. या तिन्हींची सरळ उत्तरं कोटेशनमध्ये नसतात. सचिव तिथेच अडतात. तेव्हा पहिला मेल असा:

> विषय: 18 किलोवॅट सोलर: समितीसमोर ठेवण्यासाठी एक पानाचा गोषवारा
>
> नमस्कार साहेब,
>
> शनिवारी गच्ची पाहताना वरच्या मजल्यावरच्या सभासदांच्या गळतीच्या तक्रारीचा विषय निघाला होता. कोटेशनमध्ये त्याबद्दल काही नाही, म्हणून हा मेल.
>
> आमचं स्ट्रक्चर स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या पेडेस्टलवर उभं राहतं. मात्र पूर्वेकडच्या टाकीजवळ वॉटरप्रूफिंग उखडलेलं आहे. ते काम सोलरच्या आधी करून घ्यावं लागेल आणि ते आमच्या कोटेशनमध्ये धरलेलं नाही.
>
> एकूण खर्च करासह 10,80,000 रुपये. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 3,24,000 रुपये. ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम सोसायटीला उभी करावी लागेल. अनुदान वजा जाता 7,56,000 रुपये, म्हणजे सदनिकेमागे 21,000.
>
> वर्षभराची सरासरी धरली तर महिन्याला साधारण 2,160 युनिट तयार होतील. पावसाळ्यात याहून बरेच कमी होतील आणि बिलातला स्थिर आकार चालूच राहील.
>
> हेच एका पानावर मराठीत करून सोबत जोडलं आहे. समितीची पुढची बैठक साधारण कधी आहे एवढं कळवलंत, तर सभासदांच्या आणखी काही शंका असतील त्यांची उत्तरं त्याआधी पाठवतो.

या मेलमध्ये ‘आमची कंपनी नामांकित आहे’ असं एकही वाक्य नाही, तरी तो कोटेशनपेक्षा जास्त पटवतो. सचिवांना समितीत 10,80,000 हा आकडा उच्चारायला जड जातं. ‘घरटी एकवीस हजार, आणि आधी तीस हजार भरून नऊ परत’ हे वाक्य ते बिनधास्त बोलू शकतात. पावसाळ्यातली घट आणि स्थिर आकार हे मुद्दे विक्रेते हमखास गाळतात. उलट तेच आधी लिहावेत. सचिवांनी भर सभेत ‘बिल शून्य होईल’ असं सांगितलं आणि जुलैचं बिल आलं, तर सोसायटी त्यांनाच धरणार. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जो विक्रेता अशा प्रसंगातून त्यांना आधीच वाचवतो त्याच्या बाकीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसतो. वॉटरप्रूफिंगचा खर्च वेगळा आहे, हे सांगण्याचाही उपयोग तोच.

शेवटचा प्रश्न नीट पाहा. ‘कधी ठरवताय?’ याचं उत्तर सचिवांकडे नाही. ‘बैठक कधी आहे?’ याचं आहे. शिवाय त्या उत्तराने तुम्हालाही पुढच्या मेलची तारीख मिळते. पाठपुरावा किती दिवसांनी करावा, हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर बैठकीच्या तारखेत असतं. बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी एक मेल आणि झाल्यावर तीन-चार दिवसांनी एक, एवढं पुरतं. तारीखच कळली नाही तर दहा-बारा दिवस थांबावं. गणपतीच्या दिवसांत तर लिहूच नये. तेव्हा समिती मांडवात असते.

‘रेट वाढणार आहेत’ याचं काय करायचं

हा सगळ्यात नुकसान करणारा मेसेज. सचिव आठवड्यात कन्फर्म करू शकत नाहीत हे तुम्हाला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. मग ती मुदत त्यांना धमकीसारखी वाटते. शिवाय दर वाढले नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधी महिनाभर ‘आत्ताच घ्या, नंतर महाग पडेल’ असं ज्याने लिहिलं असेल, त्याला नंतर त्याच सोसायटीला कमी रकमेचं सुधारित कोटेशन पाठवावं लागलं असणार. आणि ज्याने काहीही घाई केली नव्हती, त्याला लिहायला एक खरं, आनंदाचं कारण मिळालं.

खऱ्या मुदती सोसायटीच्या कामकाजातच असतात, त्या वापराव्यात. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची सूचना विषयपत्रिकेसह पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. विषयपत्रिकेत सोलर आलं नाही, तर एक तर विशेष सभा बोलवा किंवा पुढच्या वर्षाची वाट पाहा. ही मुदत तुम्ही निर्माण केलेली नाही, त्यामुळे ती आठवून देणं ही मदत ठरते. ऑगस्टच्या मध्याला जाणारा मेल असा:

> विषय: वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी सोलरच्या ठरावाचा मसुदा
>
> नमस्कार साहेब,
>
> वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल आणि सूचना 14 दिवस आधी निघेल असं धरून लिहीत आहे. सोलरचा विषय या सभेत घेण्याचा समितीचा विचार असेल, तर सोयीसाठी ठरावाचा मसुदा जोडला आहे. त्यात क्षमता, खर्चाची कमाल मर्यादा आणि कंत्राटदार निवडीचे समितीला अधिकार एवढंच आहे. आमचं नाव घातलेलं नाही.
>
> आमच्या कोटेशनची मुदत 31 ऑगस्टला संपते. सभेपर्यंत आपल्याला आकडे बदलावे लागू नयेत म्हणून ती 15 ऑक्टोबरपर्यंत वाढवली आहे. तसं पत्र सोबत आहे.
>
> हा विषय या वर्षी घ्यायचा नाही असं ठरलं असेल तरी हरकत नाही. तसं एका ओळीत कळवावं, म्हणजे मी मध्ये मेल पाठवणार नाही.

ठरावात आपलं नाव न घालण्यावर कंत्राटदार हमखास अडतात. ‘मसुदा आम्ही करायचा आणि काम दुसऱ्याने न्यायचं?’ तसं होऊ शकतं, हे खरं आहे. पण एका कंपनीचं नाव असलेला ठराव सचिवांनी सभेत मांडला, की मागच्या रांगेतून ‘यांचं काय ठरलंय आधीच?’ असा आवाज येतो आणि विषयच बारगळतो. नाव नसलेला ठराव मंजूर होतो. मग समितीसमोर तीन कोटेशनं येतात, तेव्हा कोणी काय मदत केली हे सचिवांना आठवत असतं.

मुदतवाढ मात्र पाळता येईल तेवढीच द्यावी. पुरवठादाराकडून पॅनलचा दर तोपर्यंत लेखी धरून घेतल्याशिवाय 15 ऑक्टोबर लिहू नका. तसं मिळत नसेल तर स्पष्ट लिहा की स्ट्रक्चर, केबल, मजुरी हे दर तेच राहतील, पॅनलचा दर ऑर्डरच्या दिवशीचा असेल आणि फरक पुरवठादाराच्या बिलासह दाखवला जाईल.

उत्तर आलं, पण ‘दुसऱ्यांचं कमी आहे’

हे उत्तर आलं की खरं तर काम निम्मं झालेलं असतं, कारण आता अडचण कळली. इथे दोन चुका होतात. लगेच पाच टक्के कमी करणे, म्हणजे आधीचा दर फुगवलेला होता असं कबूल करणे. किंवा दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवणे. दोन्ही टाळून सचिवांना तुलना करता येईल असा एक प्रश्न द्यावा. सोलरमध्ये तो प्रश्न तयारच आहे. पीएम सूर्यघरचं अनुदान भारतात बनलेल्या सेलच्या आणि पॅनलच्या यंत्रणेलाच मिळतं. या पॅनलना बाजारात डीसीआर म्हणतात. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त पडतात. म्हणून एवढंच लिहायचं:

> दर कमी असतील तर जरूर तुलना करावी. फक्त त्या कोटेशनमध्ये पॅनल डीसीआर आहेत असं लिहिलेलं आहे का, ते पाहावं. नसेल तर 3,24,000 रुपयांचं अनुदान मिळणार नाही. असेल, तर दोन्ही कोटेशनं समोरासमोर ठेवून पाहता येतील. हवा असल्यास तुलनेचा कोरा तक्ता पाठवतो.

तक्ता कोराच पाठवावा. स्वतःचे रकाने भरून दुसऱ्याचे रिकामे ठेवलेला तक्ता समितीला लगेच कळतो. आणि समोरचे पॅनलही डीसीआरच निघाले, तर तुमचा दर खरोखर जास्त आहे. तो मेलने कमी होणार नाही. तेव्हा वॉरंटी, देखभालीचे दिवस, नेट मीटरच्या अर्जाचं काम कोण करणार, यातला फरक दाखवा किंवा हिशेब पुन्हा करा.

चौथा मेसेज: राग आणि खोटा निरोप

‘तुमच्याकडून अजून रिप्लाय नाही’ यात ‘तुमच्याकडून’ आणि ‘अजून’ मिळून झापणं तयार होतं. लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही, वाचणाऱ्याला लगेच जाणवतं. हल्ली याच्या जागी एक युक्ती शिकवली जाते: ‘आपल्याकडून प्रतिसाद नसल्याने आम्ही आपली फाइल बंद करत आहोत.’ त्याने दचकून काहीजण उत्तर देतात, हे खरं आहे. पण फाइल बंद झालेली नसते, आणि पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा ‘सर, एक ऑफर आहे’ असा मेल आला की सगळं उघडं पडतं. एका सोसायटीचे सचिव शेजारच्या चार सोसायट्यांच्या सचिवांना ओळखतात. ही युक्ती तुम्हाला एका नव्हे, पाच ठिकाणी महाग पडते.

थांबायचं असेल तर खरंच थांबावं आणि तसं लिहावं:

> साहेब, सभा होईपर्यंत आता माझ्याकडून मेल येणार नाही. कोटेशन 15 ऑक्टोबरपर्यंत लागू आहे. त्याआधी सभासदांना समोरासमोर माहिती द्यायची असेल तर एखाद्या रविवारी सकाळी येऊन अर्धा तास बोलू शकतो, ऑर्डर आम्हाला द्यायचं ठरलेलं नसलं तरी.

आणि मग खरोखर लिहू नका. ऑक्टोबरमध्ये जो मेल जाईल, त्याला या पाळलेल्या शब्दामुळे किंमत येते.

बारीक बिघाड

मजकूर बरोबर असूनही मेल खटकतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा यांपैकी असतं. सचिव उत्तर देत नाहीत म्हणून अध्यक्षांना परस्पर सीसीमध्ये घालणं. ही सचिवांची तक्रार केल्यासारखीच गोष्ट आहे. अध्यक्षांनाही पाठवायचं असेल तर आधी सचिवांना विचारा. नवा मेल असताना विषयाच्या आधी मुद्दाम ‘Re:’ टाकणं, म्हणजे संवाद चालू असल्याचा भास निर्माण करणं. ‘आपण माझा मेल तीन वेळा उघडल्याचं दिसलं’ असं लिहिणं. ते तर पाळत ठेवल्यासारखं वाटतंच, आणि मेल उघडल्याची नोंदही भरवशाची नसते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमधल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे माणसाने काही न पाहताच तशी नोंद होऊ शकते.

एकाच मेलमध्ये ‘आपण कळवावे’ आणि ‘तुम्ही सांगा’ असं दोन्ही आलं, तर मजकूर कुठून तरी उचलून चिकटवल्यासारखा दिसतो. एकच धरा. गोषवाऱ्याची पीडीएफ फोनवर न वाढवता वाचता यायला हवी, कारण सचिव ती समितीच्या ग्रुपवर पुढे ढकलणार आहेत. व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं कारण नाही. मेल गेल्यावर ‘साहेब, गोषवाऱ्याचा मेल पाठवला आहे, सवडीने पाहावा’ एवढा एक निरोप पुरे. त्यापाठोपाठ ‘पाहिला का?’ मात्र नको.

मेल लागू पडलाय की नाही, कसं ओळखायचं

उत्तरं किती आली हे मोजू नका, उत्तरात काय आलं ते पाहा. ‘बघतो, कळवतो’ आलं तर अडचण अजून तुम्हाला कळलेली नाही. एखादी तारीख, एखाद्या सभासदाची शंका, ‘अनुदान नक्की कोणत्या खात्यात येतं?’ असा प्रश्न आला तर सचिव तुमचा कागद वापरत आहेत. दोन नीट मेलनंतरही काहीच आलं नाही, तर तिसरा लिहिण्याआधी मेल पोचतो कुठे ते तपासा. बऱ्याच सोसायट्यांचा मेल आयडी सामायिक असतो आणि तो ऑफिसमधला मॅनेजर उघडतो, सचिव नाही. अशा ठिकाणी तोच गोषवारा छापून, वर दोन ओळींचं पत्र लावून सोसायटीच्या ऑफिसात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. आवक नोंद झालेलं पत्र समितीच्या पुढच्या बैठकीत पत्रव्यवहार म्हणून समोर येण्याची शक्यता वाढते, आणि ते वाचायला सचिवांना आपला मेल उघडून पाहण्याचीही गरज राहत नाही.